ग्रामसभेचं प्रोसिडिंग कोर्टात कधी टिकतं अन् कधी फाटतं

गावात जागेचं, रस्त्याचं, घरकुलाचं भांडण लागलं की एक जण म्हणतो, "ग्रामसभेत ठराव झाला हाये, प्रोसिडिंग पाहा." दुसरा म्हणतो, "असा ठरावच झाला नाही, मी तिथंच बसलो होतो." दोघंही छातीठोकपणे बोलतात. प्रकरण गटविकास अधिकाऱ्याकडं जातं, मग एसडीओकडं, नाहीतर दिवाणी कोर्टात. तिथं गेल्यावर छातीठोकपणा चालत नाही, चालते ती वही. कागदावर तिचं नाव इतिवृत्त किंवा कार्यवृत्त. आपण तिला प्रोसिडिंग बुक किंवा ठराव बुक म्हणतो.

बऱ्याच लोकांना वाटतं की वहीत लिहिलं, खाली सही-शिक्का पडला, म्हणजे विषय संपला. काही जण उलट म्हणतात की ग्रामसेवकानं घरी बसून लिहिलेल्या वहीला काय किंमत. कोर्ट या दोन्हीपैकी काहीच मानत नाही. ते दोन वेगळे प्रश्न विचारतं. पहिला, हा कागद पुरावा म्हणून समोर घेता येतो का? दुसरा, घेतला तर त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा? हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळं लोक खरी केससुद्धा हरतात.

पहिला प्रश्न सोपा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू झाला. कलमांचे नंबर बदलले, पण या बाबतीत मूळ गोष्ट तीच राहिली. सरकारी नोकरानं आपलं कर्तव्य म्हणून सरकारी रजिस्टरात केलेली नोंद पुराव्यात घेता येते. स्थानिक संस्थेचं प्रोसिडिंग, ते ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यानं प्रमाणित करून दिलेल्या प्रतीवरून सिद्ध करता येतं. म्हणजे मूळ वही कोर्टात ओढत न्यायची गरज दरवेळी पडत नाही. सरकारी काम रीतसर झालं असेल, असंही कोर्ट सुरुवातीला गृहीत धरू शकतं. मात्र ते गृहीतक समोरचा पुरावा देऊन मोडू शकतो, अन् खरी लढाई तिथंच होते.

सुप्रीम कोर्टानं १९७१ साली सेट ताराजी खिमचंद यांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की कागदावर निशाणी क्रमांक पडला म्हणजे कागद सिद्ध झाला असं होत नाही. तालुक्याच्या कोर्टातसुद्धा हे रोज ऐकू येतं. तुमचा ठराव "निशाणी २७" झाला म्हणून पेढे वाटू नका. ग्रामसेवकाची उलटतपासणी अजून बाकी असते.

नियमगिरीला न्यायाधीश कशाला बसवले

वही विश्वासाची कशानं होते, हे समजायला ओडिशाचं एक उदाहरण घेतो. नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तिथल्या ग्रामसभांना विचारा. पण कोर्ट तेवढ्यावर थांबलं नाही. ग्रामसभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून हजर राहील, त्यानं इतिवृत्तावर सही करावी, आणि ही सभा कंपनी, केंद्र सरकार किंवा राज्य सरकार यांच्यापैकी कोणाच्याही दबावाशिवाय झाली असं प्रमाणित करावं, असा आदेश दिला. त्या पावसाळ्यात १२ गावांच्या सभा झाल्या अन् बाराही गावांनी नाही म्हटलं. पुढं जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं खाणीला परवानगी नाकारली.

कोर्टानं काय मागितलं ते पाहा. ज्याचा त्या निर्णयात फायदा-तोटा नाही असा माणूस, सभा चालू असताना जागेवर हजर, अन् त्याची सही त्याच इतिवृत्तावर. आपल्या गावच्या सभेला जिल्हा न्यायाधीश काही येणार नाही. पण कसोटी तीच लागते. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, अन् लिहिणाऱ्याचा त्याच्यात काही हितसंबंध होता का. आपल्या वहीत ही कसोटी नेमकी कुठं कुठं लागते ते एका उदाहरणावरून बघू. गाव काल्पनिक आहे, पण यातली एकेक खोट मी कोणत्या ना कोणत्या वहीत पाहिलेली आहे.

ठराव क्रमांक १४-अ

समजा एक गाव आहे, मतदार १,१८०. गावालगत ई-क्लासची जमीन आहे, गुरं चरायला जातात. त्यातल्या २० आर जागेवर एका पुढाऱ्याच्या संस्थेला गोदाम बांधायचं आहे. तो महसूल खात्याकडं अर्ज करतो अन् सोबत जोडतो २६ जानेवारीच्या ग्रामसभेचा ठराव क्रमांक १४-अ. "सदर जागा देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर." खाली सूचक, अनुमोदक, सरपंच, ग्रामसेवक. (शासनानं आता ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी केलं आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) गावातले चार-पाच जण म्हणतात, त्या दिवशी हा विषयच निघाला नव्हता.

आता हे भांडण नुसतं "झाला" अन् "नाही झाला" यावर सुटत नाही. वहीच्या आजूबाजूचे कागद काढावे लागतात.

पहिला कागद सभेची नोटीस. सभेची नोटीस आधी निघते, तिच्यात विषयपत्रिका असते, दवंडी होते, बोर्डावर लागते, आजकाल गावाच्या व्हाट्सॲप ग्रुपवरही पडते. आपल्या गावच्या नोटिशीत समजा आठ विषय आहेत अन् ई-क्लासचं नाव कुठंच नाही. म्हणजे हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" याच्यात घुसला. ऐनवेळचा विषय आला म्हणून ठराव खोटाच ठरतो असं नाही. पण चराईच्या जमिनीसारखा मोठा विषय ऐनवेळी काऊन घेतला, याचं उत्तर ग्रामसेवकाला द्यावं लागतं, अन् ते देणं अवघड असतं.

दुसरा कागद हजेरीचा. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. ४०० मतदारांच्या गावाला ६० माणसं पुरतात. आपल्या १,१८० च्या गावात १५ टक्के म्हणजे १७७ होतात, म्हणून १०० लागतात. वहीत सह्या आहेत १०४. वरवर बरोबर. मग नावं एकेक करून वाचली. त्यातले दोन जण २६ जानेवारीच्या आधीच वारलेले निघाले. हे ग्रामपंचायतीच्याच मृत्यू नोंदवहीत आहे, वेगळा साक्षीदार लागत नाही. तिघं त्या दिवशी गावातच नव्हते. दोघं पुण्याकडं कंपनीत कामावर होते, त्यांच्या कंपनीची हजेरी आहे. एक बाई अकोल्याच्या दवाखान्यात भरती होती, तिचं डिस्चार्ज कार्ड आहे. १०४ मधून पाच गेले, राहिले ९९. गणपूर्तीच उरली नाही!

इथं फक्त १४-अ पडत नाही. त्या दिवशीच्या सगळ्या सभेवर प्रश्न येतो. म्हणून हे हत्यार जपून वापरावं लागतं, कारण त्याच सभेत तुमच्या कामाचाही ठराव असू शकतो. अन् गणपूर्ती नव्हती म्हणून सभा तहकूब झाली, पुन्हा बोलावली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पण मग वहीत तसं लिहिलेलं पाह्यजे. पहिली सभा किती वाजता तहकूब केली, दुसरी कधी घेतली, हे दोन्ही.

धारणी-चिखलदऱ्याच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. वनहक्काच्या दाव्याची ग्रामसभा असेल तर १५ टक्क्याचा हिशोब चालत नाही. वनहक्क नियमांत २०१२ ला झालेल्या दुरुस्तीप्रमाणं ग्रामसभेचे किमान निम्मे सदस्य हजर पाह्यजेत अन् हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. दाव्यावर ठराव घ्यायचा तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हजर लागतात. म्हणून तिथल्या प्रोसिडिंगात नुसतं "बहुसंख्य ग्रामस्थ उपस्थित" लिहून भागत नाही. एकूण सदस्य किती, हजर किती, त्यात बाया किती, दावेदार किती, हे आकडे त्याच पानावर लागतात. आकडे नसतील तर नंतर कोणी कितीही शपथपत्रं दिली तरी ते ठिगळच दिसतं.

आता परत १४-अ कडं. तिसरी गोष्ट वहीचं पान. ठराव १३ अन् ठराव १४ सलग आहेत. १४ संपल्यावर सह्यांच्या वर तीन बोटं जागा कोरी राहिली होती, त्यात बारीक अक्षरात १४-अ बसवला आहे. बाकीच्या ओळींमधलं अंतर मोकळं, इथंच दाटी. "अ" लावायची वेळ काऊन आली? पुढचा नंबर १५ मोकळा होता ना. पण १५ नंबर दिला असता तर तो सह्यांच्या खाली गेला असता. अशी खूण डोळ्याला दिसते. शाई किती जुनी आहे हे मात्र नेमकं सांगणं तज्ज्ञालाही कठीण जातं. म्हणून "शाई तपासा, सगळं बाहेर येईल" या भरवशावर बसू नका.

चौथा कागद सगळ्यात जास्त बोलला. सभेनंतर इतिवृत्ताची एक प्रत ग्रामपंचायतीनं पंचायत समितीला पाठवली होती. जावक रजिस्टरात तिचा नंबर आहे, तारीख ५ फेब्रुवारी. ती प्रत माहिती अधिकारात मागितली. तिच्यात ठराव १ ते १४ आहेत. १४-अ नाही. म्हणजे ५ फेब्रुवारीला जे वहीत नव्हतं ते नंतर आलं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या हातानं आधी पाठवलेला कागद त्याच्याच वहीच्या विरोधात उभा राहिला.

कोणत्याही वहीची खरी तपासणी अशीच होते. वहीच्या आत किती शिक्के आहेत त्यापेक्षा, वहीच्या बाहेरचे, त्याच वेळी दुसऱ्या कारणासाठी तयार झालेले कागद तिच्याशी जुळतात का हे बघायचं. खर्चाचा ठराव असेल तर कॅशबुक अन् व्हाऊचर, बांधकामाचा असेल तर मोजमाप पुस्तिका, घरकुलाचा असेल तर यादी पंचायत समितीला गेल्याची तारीख. खोटा ठराव लिहिणारा एक वही सुधारतो. दहा रजिस्टरं सुधारायला त्याला दहा माणसं फोडावी लागतात.

अन् समजा १४-अ अगदी खरा निघाला असता, तरी काय झालं असतं? ग्रामसभेनं काय म्हटलं एवढंच सिद्ध झालं असतं. ई-क्लास जमीन देण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, तो महसूल खात्याचा विषय आहे. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. प्रोसिडिंग कितीही पक्कं असलं तरी ते बेकायदा गोष्टीला कायदेशीर करत नाही.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे"

प्रत्येक सभेच्या नोटिशीत पहिला विषय हाच असतो, अन् सगळ्यात कमी लक्ष याच्याकडंच असतं. ग्रामसेवक म्हणतो, "मागचं प्रोसिडिंग कायम समजायचं ना?" मागून कोणीतरी म्हणतो, "हो, घ्या पुढं." झालं.

कायम करणं म्हणजे मागच्या सभेत जे घडलं ते बरोबर लिहिलं आहे एवढी कबुली. निर्णय पुन्हा मंजूर झाला असा त्याचा अर्थ नाही. पण पुराव्याच्या दृष्टीनं ही कबुली वजनदार आहे. २६ जानेवारीचं प्रोसिडिंग १ मे च्या सभेत वाचलं गेलं, तुम्ही तिथं हजर होते, काही बोलले नाही, अन् दोन वर्षांनी कोर्टात म्हणता की ते खोटं होतं. वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, "तेव्हा काय झोपले होते का?"

म्हणून आक्षेप असेल तर तिथंच उभं राहून म्हणायचं, आधी वाचून दाखवा. वाचल्यावर चूक वाटली तर म्हणायचं, अमुक ठरावाला माझी हरकत आहे, ती या सभेच्या प्रोसिडिंगात लिहा. जुन्या पानावर खाडाखोड करायला लावू नका. दुरुस्ती नव्या सभेच्या पानावर लिहायची असते, मागच्या सभेचा कोणता ठराव अन् काय बदल हे सांगून. जुनं पान खोडून नवं लिहिलं तर उद्या तुमच्याच बाजूची वही संशयात सापडते.

ग्रामसेवकानं हरकत लिहून घेतली नाही तर भांडत बसू नका. त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत साध्या कागदावर अर्ज लिहा. सभेची तारीख, ठरावाचा नंबर, आपण हजर होतो का, अन् नेमकं काय घडलं, एवढंच. तो ग्रामपंचायतीत देऊन आवक नंबर अन् शिक्का असलेली पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा अन् पावती जपा. तीन वर्षांनी केलेल्या शपथपत्रापेक्षा तिसऱ्या दिवशीचा हा अर्ज भारी पडतो, कारण तेव्हा केस नव्हती अन् वकीलही नव्हता. १४-अ च्या उदाहरणात, कुणकुण लागल्यावर एखाद्यानं फेब्रुवारीतच असा अर्ज देऊन ठेवला असता, तर बाकी अर्धी मेहनत वाचली असती.

सही कुठं करता ते पाहा

हे मी ज्ञान म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक सभेला गेलो होतो. नाव सांगत नाही. चहा येईपर्यंत वही फिरली, पान वरून कोरं होतं, खाली सह्यांची रांग लागलेली. मीही केली. पुढं त्या कोऱ्या जागेत एक असा निर्णय लिहिला गेला ज्याला मी सभेत उभं राहून विरोध केला होता. खाली माझी सही. विचारलं तर उत्तर आलं, "भाऊ, तुमची सही तर हाये ना." माझ्याजवळ त्यावर बोलायला काही नव्हतं.

तेव्हापासून मी सही करताना वर "फक्त हजेरी" असं लिहितो, तारीख टाकतो, अन् आधीच्या माणसाच्या सहीला लागून करतो, मधात जागा सोडत नाही. हजेरीची वही वेगळी अन् ठरावाची वेगळी असेल तर उत्तम. विरोध केला असेल तर ठरावात "सर्वानुमते" लिहू द्यायचं नाही. "बहुमताने, बाजूनं इतके, विरोधात इतके" असं लिहायला लावायचं, अन् विरोध करणाऱ्याचं नाव घालायचं.

उलट बाजूही सांगतो. सभा खरी झाली, निर्णय खरा झाला, तरी प्रोसिडिंग निकामी असू शकतं. "विषय क्र. ५ वर सविस्तर चर्चा झाली. मंजूर." अशा ओळी किती वह्यांत आहेत! समजा तो विषय होता एका शेतकऱ्यानं पाणीपुरवठ्याच्या विहिरीला जागा द्यायचा. काय मंजूर झालं? गट नंबर कोणता, किती आर, दान की मोबदला, पाइपलाइन अन् रस्त्याचं काय? शेतकरी असेपर्यंत सगळं शब्दावर चालतं. तो गेला, पोरांच्या वाटण्या झाल्या, की नवा मालक विहिरीवर जाऊ देत नाही. मग वही उघडली तर ती काहीच बोलत नाही. अन् जमिनीचा हक्क तर नुसत्या ठरावानं जातच नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. ठराव फक्त हेतू दाखवतो, तोही नीट लिहिला असेल तर.

सोसायटी, कंपनी, लवाद

सेवा सहकारी सोसायटी, पतसंस्था यांची वही ग्रामपंचायतीसारखी सरकारी नोंदवही नाही. त्यांचं भांडण बहुतेक वेळा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातं. तिथंही वहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल चालते, पण वही कामकाजाच्या ओघात नियमित ठेवलेली पाह्यजे. अन् मजकुरावर वाद असेल तर लिहिणारा सचिव साक्षीला यावा लागतो. सभासदाला सर्वसाधारण सभेचं अन् संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त फुकट पाहायचा अधिकार कलम ३२ देतं. लेखी मागणी अन् फी भरून नक्कलही मिळते. आमसभेच्या आधी नाही, आमसभेनंतर महिन्याभरात जाऊन पाहा, तेव्हाच काय लिहिलं ते कळतं.

आता गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या आहेत. त्यांना कंपनी कायदा लागतो, अन् त्याच्या कलम ११८ मध्ये वही कशी ठेवायची हे स्पष्ट सांगितलं आहे. सभेनंतर ३० दिवसांत इतिवृत्त वहीत चढवायचं, पानांना सलग नंबर द्यायचे, अध्यक्षानं पानोपानी सही करायची. कागद चिकटवलेला चालत नाही. अशी ठेवली तर कायदाच म्हणतो की उलट सिद्ध होईपर्यंत सभा रीतसर झाली असं समजा. खाडाखोड करून वही बदलली असं सिद्ध झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संचालक झालेल्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण सुट्या कागदावर टाइप करून फाइलला लावायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. सुट्या कागदांना काय किंमत मिळते हे जैन हवाला प्रकरणात दिसलं होतं. तो वाद हिशोबाच्या वह्यांचा होता, सभेचा नव्हता. पण १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की वही म्हणजे बांधलेली पानं, सुटे कागद म्हणजे वही नव्हे.

बहुराज्यीय पतसंस्थेचं भांडण मात्र लवादाकडं जातं. लवादाला पुरावा कायदा जसाच्या तसा बांधत नाही, कोणत्या कागदाला किती वजन द्यायचं ते तो स्वतः ठरवतो. त्यामुळं तिथं वही आत येणं सोपं असतं. पण ती जुळत नसेल तर बाहेर फेकली जाणंही तितकंच सोपं.

मोबाईलमधली सभा

आता पोरं सभेचं शूटिंग करतात, ते चांगलंच आहे. पण हे शूटिंग कोर्टात कसं अडतं ते शेजारच्या जालन्याच्या केसवरून समजा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीन वाजायच्या आत दिला की नंतर, यावर वाद पेटला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं शूटिंग पुराव्यात आलं, पण त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नाही. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात कोर्टानं सांगितलं की शूटिंगच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतंच, तोंडी साक्षीनं भागत नाही. समोरचा देत नसेल तर कोर्टाला अर्ज करून ते मागवता येतं. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं अन् त्याच्या मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी.

नव्या कायद्यात हे प्रमाणपत्र कलम ६३ खाली येतं, त्याचा नमुना कायद्यातच दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक शूटिंग देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. फाइलचा हॅश नंबरही त्यात लिहावा लागतो. हा नंबर म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा, फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी तो बदलतो.

म्हणून शूटिंग केलं असेल तर व्हाट्सॲपवर फिरून आलेल्या कॉपीवर विसंबू नका, ती दाबून लहान झालेली असते. ज्या मोबाईलमध्ये घेतलं त्यातली मूळ फाइल तशीच ठेवा, नाव बदलू नका, कापू नका. मोबाईल विकायचा असेल तर आधी वकिलाला विचारा. अन् शूटिंग सुरू करताना नोटीस बोर्ड, घड्याळ अन् बसलेली माणसं एकदा दाखवा, म्हणजे कोणत्या सभेचं आहे हा वाद उरत नाही.

नक्कल कशी मागायची

माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज अन् पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात "ठराव क्र. १४-अ ची प्रत द्या" एवढंच लिहू नका. तेवढाच ठराव टाइप करून हातात पडेल, अन् त्यातून काहीच कळणार नाही. लिहा की अमुक तारखेच्या ग्रामसभेची नोटीस, विषयपत्रिका, हजेरीची पानं, इतिवृत्ताची सगळी पानं आधीच्या अन् नंतरच्या एका पानासह, अन् त्या इतिवृत्ताच्या जावक नोंदीची प्रमाणित झेरॉक्स द्या. टाइप केलेला उतारा मागू नका, मूळ पानाची झेरॉक्स मागा. दाटीनं बसवलेली ओळ झेरॉक्समध्ये दिसते, टाइपमध्ये दिसत नाही. तोच अर्ज पंचायत समितीला वेगळा करा, म्हणजे दोन ठिकाणच्या प्रती शेजारी ठेवून पाहता येतात.

अन् हे सगळं भांडण पेटायच्या आधी करा. एकदा कोर्टाचं समन्स निघालं की वही "सापडत नाही" असं उत्तर यायला वेळ लागत नाही.